हजाराला पन्नास कमी

*ताई, एका दिवाळी अंकासाठी लहानपणीच्या एका आठवणीवर बाराशे शब्दांचा लेख द्यायचा आहे. मी मूळची निपाणीची, आता नोकरीमुळे बेळगावात. डोक्यात तीन आठवणी आहेत. आजोबांबरोबर आम्ही बेळगावला शिवजयंतीचे चित्ररथ बघायला जायचो, ती एक. 2005 च्या महापुरात आम्ही चार दिवस शाळेत राहिलो, ती दुसरी. तिसरी आईची. ती घरी विड्या वळायची. मी पाचवीत असताना एकदा कारखान्यात तिच्या विड्या काढून टाकल्या, मी सोबत होते. आदल्या दिवशी तिला ताप होता, हजाराला पन्नास कमी पडत होत्या, म्हणून ती झोपल्यावर मी दोन बंडलं वळून तिच्या टोपलीत ठेवली होती. काढून टाकल्या त्या माझ्याच. आई काही बोलली नाही. येताना मला चिरमुऱ्याची पुडी घेऊन दिली. मी तिला आजवर सांगितलेलं नाही. ती आता माझ्याजवळच असते.*

*तिसरी लिहायला घेतली, तर दोन पानं होतात तरी कारखाना येत नाही. सुरुवात अशी केली आहे: ‘निपाणी हे सीमाभागातलं तंबाखूसाठी प्रसिद्ध असलेलं शहर. आमच्या गल्लीत घरोघरी विड्या वळल्या जायच्या. आई पहाटे उठायची, पाणी भरायची, मग सूप मांडीवर घेऊन बसायची.’ कोणती आठवण घेऊ, आणि नेमकं कुठून सुरू करू?*

*एक वाचक, बेळगाव*

तिसरीच घ्या. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण ज्या कारणासाठी ती निवडायची त्याच कारणातून सुरुवातीची जागाही हाती लागणार आहे.

आठवण निवडताना मी सगळ्यात आधी क्रियापदं बघते. चित्ररथांबद्दल तुम्ही ‘बघायला जायचो’ असं लिहिलंय. मराठीत ‘जायचो, असायचं, म्हणायचे’ ही रूपं सवय सांगतात, घटना सांगत नाहीत. वैशाखातली रात्र, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, झांजपथक, आजोबांच्या खांद्यावरून दिसणारे रथ, पहाटे पेंगत घरी येणं. सगळं खरं आणि सुंदर आहे, पण ते दर वर्षीचं आहे. बेळगावात वाढलेल्या कुणालाही विचारा, तो थोड्याफार फरकानं हेच सांगेल. अशा आठवणीच्या आधी ‘एकदा’ हा शब्द लावून बघायचा. ‘एकदा आजोबांबरोबर चित्ररथ बघायला गेलो आणि...’ यापुढे वाक्य आपसूक चाललं तर तिथं लेख आहे. अडलं, तर ती आठवण दुसऱ्या कुठल्या तरी लेखातली दोन वाक्यं व्हायला थांबलेली आहे. टाकून देऊ नका, पण तिच्यावर बाराशे शब्दांचं ओझं घालू नका.

महापुराचं वेगळं आहे. ती घटना आहे, ‘एकदा’ तिला लावावंही लागत नाही. पण तिथं तुम्ही ‘आम्ही राहिलो’ असं लिहिलंय. पाणी चढलं, माणसं शाळेत आली, पाणी उतरलं. करणारं पाणी होतं, तुम्ही बघणाऱ्या होता. पुरावरचे लेख मी बरेच वाचले आहेत. ज्यांत लिहिणारा शेवटपर्यंत ‘आम्ही’च राहतो, ते वाचून झाल्यावर मला पूर लक्षात राहतो, माणूस राहत नाही. त्या चार दिवसांत तुम्ही एकट्यानं केलेलं, बघितलेलं किंवा लपवलेलं काही असेल तर तो लेख होईल. पत्रावरून तरी तसं दिसत नाही.

आता तिसरी बघा. ‘मी दोन बंडलं वळून तिच्या टोपलीत ठेवली.’ एकदाच घडलेलं आहे, करणाऱ्या तुम्ही आहात, आणि केलेलं अजून कुणाला ठाऊक नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी, की पाचवीतल्या मुलीला त्या दिवशी जे कळलं आणि आज तुम्हाला जे कळू शकतं, त्यात अंतर आहे. त्या मुलीला वाटलं, आईला काही कळलं नाही, म्हणून तर तिनं चिरमुरे घेऊन दिले. पण एक विचार करून बघा. जी बाई वर्षानुवर्षं दिवसाला हजारभर विड्या वळते, तिला स्वतःच्या हाताची विडी ओळखू येत नसेल? आपण आपलं अक्षर ओळखतो तशी ती ओळखत असणार. पानाला दिलेला पीळ, दोरा किती घट्ट, तोंड कसं मोडलंय, हे हाताहाताला वेगळं असतं. कारखान्यात तपासणाऱ्यानं ती बंडलं समोर टाकली, तेव्हा आईनं त्यांच्याकडं एक नजर तरी टाकलीच असेल. मग ती गप्प का राहिली? आणि चिरमुरे कशाचे होते?

तिला कळलंच होतं, असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही, तुम्हालाही आज माहीत नाही. पण हा प्रश्न त्या आठवणीत इतकी वर्षं पडून आहे, आणि तो विचारायला मोठं व्हावं लागलं. जुन्या आठवणीकडं आजच्या वयानं बघितल्यावर तिच्यातून असा प्रश्न निघत असेल, तर ती आठवण लेखाची आहे. चित्ररथांकडं आजच्या वयानं बघितलं तर फक्त ते दिवस गेले याची हळहळ निघते.

एवढं ठरलं की सुरुवातीची जागा शोधायची. त्यासाठी लेख बाजूला ठेवा आणि एका कोऱ्या कागदावर त्या दोन दिवसांत घडलेलं क्रमानं, एका ओळीत एक, असं लिहून काढा. वर्णन नको, फक्त काय झालं ते. तुमच्या पत्रावरून मी केलं तर असं होतं: आईला ताप आला. ती दिवसभर वळत राहिली, पण पन्नास कमी पडल्या. ती आडवी झाली. मी सूप ओढून घेतलं. दोन बंडलं वळली. टोपलीत ठेवली. सकाळी आईनं टोपली उचलली, मी सोबत निघाले. कारखान्यात रांगेत थांबलो. तपासणाऱ्यानं बंडलं दाबून बघितली. दोन बाजूला काढून टाकली. आई गप्प. परतीच्या वाटेवर चिरमुरे. बारा ओळी झाल्या. सुरुवात यातल्याच कुठल्या तरी ओळीवर होणार आहे. तुमची आत्ताची सुरुवात या बारांत कुठंच बसत नाही, ती पहिल्या ओळीच्याही कितीतरी आधी आहे. म्हणून दोन पानं झाली तरी कारखाना येत नाही.

आता एकेका ओळीवर उभं राहून बघू.

बहुतेक जण उडी घेतात ती दहाव्या ओळीवर. तपासणाऱ्याचा हात, बाजूला पडलेली बंडलं, गप्प उभी आई. दिसायला जोरदार सुरुवात आहे, आणि ‘गोष्ट मधूनच सुरू करा’ असं आपण सगळ्यांनी कुठं ना कुठं ऐकलेलं असतं. पण इथून सुरू केलंत की लगेच दुसऱ्या परिच्छेदात मागं जावं लागेल. ‘त्याचं असं झालं होतं, की आदल्या रात्री...’ वाचणाऱ्याला आत्ताच कुठं रांगेत आणून उभं केलं आणि तिथून त्याचा हात धरून परत घरी नेलं. ते झालं की पुन्हा कारखान्यात. एवढ्या छोट्या लेखाला या दोन फेऱ्या झेपत नाहीत. दुसरी वाट अशी, की विड्या कुणाच्या होत्या हे मुद्दाम लपवून ठेवायचं आणि शेवटच्या ओळीत उघड करायचं. ती तर अजिबात धरू नका. तसं केलं की आईचं गप्प राहणं, रांगेतली तुमची धडधड, चिरमुऱ्याची पुडी हे सगळं वाचणारा काही न कळता वाचून जातो. शेवटी त्याला धक्का बसतो आणि लेख संपतो. तुम्हाला धक्का द्यायचा नाहीये. त्या रांगेत एक दहा वर्षांची मुलगी काय पोटात घेऊन उभी होती, ते तुम्हाला सांगायचंय. त्यासाठी वाचणाऱ्याला रांगेत उभं राहण्याआधीच सगळं माहीत असायला हवं.

सकाळची, टोपली उचलण्याची ओळ बघू. ही बरी वाटते, कारण चालायला सुरुवात होते, रस्ता येतो, गाव येतं. पण रात्रीचं सांगायचं राहतंच. चालता चालता ‘टोपलीत माझी दोन बंडलं होती’ एवढं सांगितलं तरी वाचणाऱ्याला ती मुलगी ती वळताना दिसलेली नसते. तिला ते जमत नव्हतं, तरी ती करत राहिली, आणि ते आईसाठी होतं, हे नुसतं सांगून पोचत नाही. ते दिसावंच लागतं. या लेखातलं तुमचं स्वतःचं काम तेवढंच आहे. तेच पडद्यामागं गेलं तर लेख आईवरचा होईल, कारखान्यावरचा होईल, तुमचा होणार नाही.

तापाची ओळ घेतली तर उलटी अडचण. ताप आला म्हटलं की तो कधी आला, औषध घेतलं का, बाबा कुठं होते, असे प्रश्न मागोमाग येतात आणि त्यांना उत्तरं देता देता तुम्ही परत पहिल्या पानासारख्या अडकता. तापाला इथं प्रसंगाची गरज नाही. आई कपाळाला ओलं फडकं बांधून भिंतीकडं तोंड करून झोपली होती, एवढ्यात ताप येऊन जातो.

राहिली ती आई आडवी झाल्यानंतरची जागा. मी सूप ओढून घेतलं, ती. माझ्या मते लेख इथंच सुरू व्हावा. इथवर जे घडलं ते एका वाक्यात मावतं, आणि इथून पुढं जे घडतं ते तुमच्यामुळे घडतं. उशिरात उशिरा सुरू करा हे खरंच आहे, पण तो उशीर कुठवर, याला एक हद्द आहे. या लेखापुरती ती हद्द म्हणजे तुमचा हात त्या विड्यांना लागला तो क्षण. त्याच्या पुढं जाऊन सुरू केलंत तर मागं यावं लागतं, आणि त्याच्या बरंच मागं राहिलात तर वाट बघायला लावता.

आणि पहिलं वाक्य तुमच्या पत्रातच आहे. मी पत्र दुसऱ्यांदा वाचताना त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. ‘हजाराला पन्नास कमी पडत होत्या.’ तुम्ही ते ताप आणि झोप यांच्या मधे, जाता जाता लिहून टाकलंय. ते उचलून वर आणा. विडीची मजुरी हजारावर मिळते, पंचवीसचं एक बंडल, म्हणजे हजाराला चाळीस बंडलं. हा हिशेब तुमच्या गल्लीतल्या पोरांना पाढ्यांच्याही आधी येत असणार. पुण्याच्या किंवा नागपूरच्या वाचणाऱ्याला तो येत नाही, पण ‘हजाराला पन्नास कमी’ म्हटल्याबरोबर त्याला एवढं कळतं, की कुठला तरी आकडा पुरा व्हायला हवा होता आणि तो झालेला नाही. पुढं वाचायला तेवढं पुरतं.

कसं होईल ते दाखवण्यापुरतं मी लिहून बघते. यातले तपशील माझे आहेत, म्हणून हे जसंच्या तसं घेऊ नका:

‘हजाराला पन्नास कमी होत्या. आईनं दोनदा मोजल्या, अडतीस बंडलं भरली, आणि मग ती कपाळाला ओलं फडकं बांधून भिंतीकडं तोंड करून झोपली. सूप तिथंच राहिलं होतं. मी ते माझ्या मांडीवर ओढलं. कापलेली पानं ओल्या फडक्यात होती, वरची दोन वाळून कडक झाली होती, ती मी बाजूला ठेवली. चिमूटभर तंबाखू पानावर पसरला आणि आई करते तसा अंगठ्यानं पीळ दिला. पान सुटलं. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा विडी झाली, पण दोरा बांधून हातात धरली तर दोन बोटांत दबत होती.’

बघा, यात निपाणी नाही, प्रसिद्ध नाही, गल्ली नाही, तरी काम काय आहे ते वाचणाऱ्याला कळलं. पान ओलं ठेवावं लागतं, कापून ठेवलेलं असतं, तंबाखू चिमटीनं घालतात, दोरा बांधतात, हे त्याला हातातून दिसलं. आणि शेवटच्या वाक्यातली ती दबणारी विडी त्याच्या लक्षात राहिली. सकाळी तपासणारा बंडल उचलून दोन बोटांनी दाबेल, तेव्हा तुम्हाला काहीही समजावून सांगावं लागणार नाही. सुरुवातीच्या प्रसंगात नंतर उपयोगी पडणारी अशी एक वस्तू किंवा एक खूण ठेवता आली, तर कारखान्यातला अर्धा लेख आपोआप हलका होतो. तुमची खूण वेगळी असेल. कदाचित दोऱ्याची गाठ, कदाचित पान फाटलेलं. खरी असेल ती घ्या.

आणखी एक गोष्ट त्या उताऱ्यात आहे. त्यातलं घडणारं सगळं ‘मोजल्या, झोपली, ओढलं, पसरला, सुटलं’ असं आहे. तुमच्या पहिल्या पानावर पेन्सिल घेऊन बसा आणि ‘यचा, यची, यचं, यच्या’ नं संपणाऱ्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. पत्रातल्या तीन वाक्यांतच चार निघतील. ज्या वाक्यात पहिल्यांदा साधा भूतकाळ येतो, तिथं तुमचा लेख खरा सुरू झालेला असतो. त्याच्या वरचं सगळं लिहायला बसण्याआधीची तयारी असते. तयारी करावीच लागते, मीही करते, पण ती वाचणाऱ्याकडं पाठवायची नसते. अर्थात ‘करायची’ हे रूप वाईट म्हणून टाकून द्यायचं नाही. ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या परिच्छेदात दोन-तीन वाक्यं येऊ द्या, ‘एरवी आई दिवे लागायच्या आत हजार पुऱ्या करायची’ असं. एकदा घडलेलं समोर आलं, की मग नेहमीचं काय होतं ते वाचायला माणूस तयार होतो. आधी नसतो.

मग निपाणीचं काय करायचं? तुम्हाला ती माहिती घालावीशी वाटते, कारण अंक कुठून कुठवर जाणार आणि वाचणाऱ्याला आमचा भाग माहीत नसणार, ही धास्ती आपल्या सगळ्यांनाच असते. मला ती चांगली समजते. सीमाभागातल्या माणसाला स्वतःबद्दल काही सांगायचं म्हटलं की आधी आपण कुठले ते सांगावं लागतं, मग 1956 ची राज्यपुनर्रचना, मग भाषा, आणि एवढं सांगून होईतो आपली गोष्ट सांगायची राहून जाते. कडोली, येळ्ळूर, उचगाव इथली साहित्य संमेलनं मी गेली कितीतरी वर्षं ऐकत आले आहे आणि तिथं तरुण मुलांनी वाचलेल्या लेखांत हे फार दिसतं. दुःख खरं असतं, पण ते पहिल्याच परिच्छेदात सगळ्यांचं होऊन जातं. तुमच्या लेखात सीमाभाग यायचा असेल तर तो वस्तूंतून येऊ द्या. कारखान्याच्या दारावरची पाटी कुठल्या भाषेत होती? आईचं हजेरीचं कार्ड कानडीत असेल आणि ते तुम्ही शाळेत शिकलेल्या कानडीवर तिला वाचून दाखवत असाल, तर तेवढं एक वाक्य पुरे आहे. नसेल तर घालू नका. निपाणी हे नाव सकाळच्या रस्त्यावर एकदा आलं तरी चालेल, आणि तंबाखूचा वास तर त्या गावात कुठंही आणता येतो.

बोलणं मात्र तिथलंच ठेवा. आपल्याकडं बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. आई सकाळी निघताना ‘मी जाऊन येतो’ म्हणाली असेल तर तसंच लिहा. संपादकांनी ते ‘येते’ केलं तर फोन करून परत ‘येतो’ करून घ्या. या लेखात आई फारसं बोलणार नाही, म्हणून तिची जी दोन-चार वाक्यं असतील ती तिची असायला हवीत.

सुरुवातीत जे टाळायचं त्यातलं एकच सांगते, बाकीचं तुम्ही स्वतः ओळखाल. ‘आजही तो दिवस आठवला की...’ हे वाक्य लिहू नका. तसं केलंत तर आजच्या तुम्ही पहिल्या ओळीतच येऊन बसता आणि त्या मुलीला बोलू देत नाही. पहिला प्रसंग पूर्णपणे तिचा असू द्या. तिला जेवढं कळत होतं तेवढंच त्यात. बंडलं टोपलीत ठेवताना तिला भीती वाटली नसणार, उलट चाळीस पुरी झाली म्हणून अभिमानच वाटला असेल. तो अभिमान तसाच ठेवा. ‘मला काय माहीत होतं, की उद्या...’ असं मधे घालू नका. आजच्या तुम्ही यायच्या त्या चिरमुऱ्यांपाशी, किंवा त्याच्याही नंतर. आईला ओळखता आलं नसेल का, हा प्रश्न तिथला आहे. तो सुरुवातीला खर्च केलात तर शेवटी हातात काही उरणार नाही.

बाराशे शब्दांत रात्रीच्या प्रसंगाला अडीचशे-तीनशे द्या. त्याहून वाढला तर बंडलं टोपलीत जाण्याआधीच काहीतरी फुगलंय असं समजा. कारखान्याला सगळ्यात जास्त जागा लागेल, पाचशेपर्यंत. सकाळच्या रस्त्याला थोडी, परतीच्या वाटेला आणि आजच्या प्रश्नाला उरलेली.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. रात्र सुरू करायला बसलात की लक्षात येईल, तुम्हाला बरंच आठवत नाही. दिवा होता की वीज होती, भावंडं जागी होती का, आईनं किती वाजता सूप ठेवलं. आठवत नाही ते बनवू नका. वर मी दोनदा मोजणारी आई लिहिली, ती माझी आहे, तुमची आई एकदाच मोजत असेल. पक्कं आठवतं तेवढ्यावर प्रसंग उभा करा, तो बारीक झाला तरी चालेल. जिथं शंका आहे आणि ती गोष्ट हवीच आहे, तिथं ‘बहुधा’ लिहा. वाचणाऱ्याला ‘बहुधा’ खटकत नाही. बनवलेलं मात्र त्याला जाणवतं, विशेषतः जो स्वतः विड्या वळणाऱ्या घरातला आहे त्याला. आणि असा वाचणारा तुम्हाला निपाणीत, संकेश्वरात, चिकोडीत नक्की भेटणार.

आई घरातच आहे, म्हणून मोह होईल की आधी तिलाच विचारावं. पहिला मसुदा होईपर्यंत विचारू नका. एकदा तिनं सांगितलं की तिची आठवण तुमच्या आठवणीवर बसेल आणि त्या मुलीला काय दिसलं होतं ते परत वेगळं काढता येणार नाही. मसुदा पुरा करा, रात्रीपासून चिरमुऱ्यांपर्यंत, जसं तुम्हाला आठवतं तसं. दोन दिवस ठेवून द्या. मग, छापायला देण्याआधी, तिला वाचून दाखवा. ते तिच्या कामाबद्दल आहे, तिच्या टोपलीतून काढून टाकलेल्या विड्यांबद्दल आहे, गावात तिला ओळखणारी माणसं ते वाचतील. तिला आधी माहीत असायला हवं. नको म्हणाली तर अंकाला महापुरावरचं द्या. त्यात ‘मी’ कुठं आहे ते शोधायला मी मदत करेन.

वाचून दाखवताना पहिलं वाक्य झालं की जरा थांबा आणि तिच्याकडं बघा. ती काही बोलली तर ते लगेच लेखात घालू नका, वेगळ्या कागदावर तारीख घालून लिहून ठेवा. आणि दोऱ्याचा रंग तेव्हा विचारून घ्या. माझ्या उताऱ्यात तो राहिलाय, आणि तो फक्त तिलाच माहीत असणार.

पहिले तीनशे शब्द झाले की मला पाठवा. मी वाट बघते.

तुमची,
ताई